जिआंगहू, घराणे आणि अंतर्बल : वूशिया कादंबरी पहिल्यांदा वाचणाऱ्यासाठी

प्रश्न : चिनी वूशिया कादंबरी इंग्रजी अनुवादातून पहिल्यांदाच वाचायला घेतली आहे. 'सेक्ट', 'इनर एनर्जी', 'जिआंगहू' हे शब्द पानोपानी येतात, पण त्यांचा अर्थ कोणीच सांगत नाही. सेक्ट म्हणजे धर्मपंथ का? आतली शक्ती म्हणजे जादू का? आणि भरदिवसा एवढे खून पडतात तरी सरकार कुठे असते? मला यातले काहीच माहीत नाही असे समजून कोणी नीट सांगेल का?

उत्तर :

सरकार कुठे असते, या तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण बाकीच्या दोन शब्दांचा उलगडा त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. सरकार असतेच. राजधानीत सम्राट असतो, जिल्ह्याला अधिकारी असतो, करही गोळा होतो. पण वूशियातली माणसे आपापसातले तंटे त्याच्याकडे नेत नाहीत आणि तोही सहसा त्यांच्या भानगडीत पडत नाही. राज्याच्या कायद्याला समांतर असा हा जो लढवय्यांचा समाज आहे, त्याला 'जिआंगहू' म्हणतात. शब्दशः तो 'नद्या आणि सरोवरे' असा आहे. दरबारापासून दूर, जलमार्गांनी आणि आडवाटांनी फिरणाऱ्यांचे जग, असा त्याचा रूढ अर्थ. नकाशावर त्याची हद्द दाखवता येत नाही. एखाद्या गावातली खानावळ एरवी साधी खानावळ असते. तिथे दोन तलवारबाज समोरासमोर बसून एकमेकांच्या गुरूंचे नाव विचारू लागले की त्या टेबलापुरते जिआंगहू सुरू होते, आणि शेजारच्या टेबलावरचा कापडाचा व्यापारी मात्र त्याच्या बाहेरच असतो.

या जगात सगळेच लढवय्ये नसतात. भिकारी, वैद्य, जुगारी, नावाडी, डाकू, भटके भिक्षू हेही त्यात मोडतात. निव्वळ युद्धकला जाणणाऱ्यांच्या वर्तुळाला 'वूलिन' असा वेगळा शब्द आहे, मात्र अनुवादक बऱ्याचदा दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात आणि नवख्या वाचकाचे त्यावाचून फारसे अडत नाही. एक व्यवसाय मात्र ओळखून ठेवावा, कारण कथानकांची सुरुवात पुष्कळदा तिथून होते. तो म्हणजे मौल्यवान माल आणि प्रवासी यांना सशस्त्र सोबत देणारी पेढी. अशा पेढ्या चीनमध्ये खरोखरच होत्या. त्यांचा सगळा धंदा ओळखीपाळखी, मानपान आणि वाटेतल्या टोळ्यांशी सलोखा यांवर चाले, त्यामुळे व्यापारी जग आणि जिआंगहू यांच्या सीमेवर त्या नेमक्या बसतात.

राज्याचा कायदा लागू नाही, म्हणजे कोणताच कायदा नाही, असा समज झाला तर पुढची शेकडो पाने कोड्यात टाकतील. जिआंगहूमध्ये नियम फार कडक आहेत, फक्त ते कुठे लिहिलेले नाहीत. उपकाराची परतफेड करायची, गुरूच्या खुनाचा सूड घ्यायचा, दिलेला शब्द जीव गेला तरी पाळायचा, आणि समोरच्याची अब्रू चारचौघांत घालवायची नाही, घालवलीच तर परिणामांना तयार राहायचे. न्यायालय नसल्यामुळे माणसाची पत हाच त्याचा पुरावा, आणि समाजाने पाठ फिरवणे ही शिक्षा. कायदा मोडून न्याय करणारा हा माणूस चिनी विचारवंतांना फार पूर्वीपासून सतावत आला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हान फेइ या कायदेवादी विचारवंताने त्याला राज्याला पोखरणाऱ्यांत धरले, तर त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनी सिमा छियान या इतिहासकाराने आपल्या इतिहासग्रंथात अशा भटक्या वीरांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहून, शब्दाला जागणारी माणसे म्हणून त्यांचा गौरव केला. 'वूशिया'मधला 'शिया' तो हाच आणि 'वू' म्हणजे युद्धकला. आज आपण वाचतो त्या कादंबऱ्यांची लाट मात्र अलीकडची, हाँगकाँगच्या वृत्तपत्रांतली. जानेवारी 1954 मध्ये मकाऊला दोन मार्शल आर्ट्स शिक्षकांची गाजलेली लढत झाली, त्या गदारोळात हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने लियांग यूशेंग यांच्याकडून वूशिया मालिका लिहून घेतली आणि पुढच्याच वर्षी जिन योंग हेही लिहू लागले. वाचक हे सगळे रोज हप्त्याहप्त्याने वाचत असत. शब्द कोणी समजावून का सांगत नाही, याचे कारण यात सापडते. ज्यांच्यासाठी ते लिहिले गेले त्यांना ते आधीच पाठ होते.

आता अमूर्त बोलणे पुरे. जिन योंग यांची 'शियाओ-आओ जिआंगहू' ही कादंबरी 1967 ते 1969 या काळात त्यांच्याच 'मिंग पाओ' या दैनिकात क्रमशः आली. इंग्रजीत ती 'द स्मायलिंग, प्राउड वाँडरर' या नावाने ओळखली जाते. तुम्ही विचारलेल्या तिन्ही शब्दांची घडण तिच्यात जितकी उघडी दिसते तितकी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत दिसत नाही, असे माझे मत आहे. म्हणून पुढची उदाहरणे तिच्यातलीच घेतो. कथानकाची शेवटची गाठ सोडवणार नाही, पण पहिल्या अर्ध्या भागातल्या काही घटना सांगाव्या लागतील.

सुरुवातीच्या भागातच एक समारंभ आहे. हंगशान नावाच्या घराण्यातला लिऊ झेंगफेंग हा मान्यवर तलवारबाज हंग्यांग शहरातल्या आपल्या वाड्यावर वूलिनमधल्या शेकडो लोकांना बोलावतो. त्याला 'सोन्याच्या घंगाळात हात धुवायचे' असतात. हा जिआंगहूतून निवृत्त होण्याचा रूढ विधी आहे. सर्वांसमक्ष पाण्यात हात धुतले की त्यानंतर त्या माणसाने कोणाच्या भांडणात पडायचे नाही आणि इतरांनीही जुन्या वैरासाठी त्याच्या दारी यायचे नाही. समारंभ सुरू होण्याआधी राजदरबाराचा दूत सम्राटाचे फर्मान घेऊन येतो, लिऊला लष्करातला एक किरकोळ हुद्दा मिळाल्याचे वाचून दाखवतो आणि लिऊ गुडघे टेकून ते स्वीकारतो. जमलेल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जी नापसंती उमटते तिच्याकडे नीट पाहावे, कारण दरबारी हुद्दा या लोकांत मानाचा नाही, तो पैसे चारून विकत घेतलेला असावा अशी कुजबुज होते आणि एवढा मोठा माणूस असा वाकतो याची त्यांना लाज वाटते. लिऊचा हिशेब मात्र सरळ आहे. राज्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले तर जिआंगहू आपला पिच्छा सोडील, असे त्याला वाटते.

तो पिच्छा सुटत नाही. हात पाण्यात बुडणार तोच सोंगशान घराण्याची माणसे पंचघराणे-संघाचे, म्हणजे हंगशान आणि सोंगशान यांसह पाच घराण्यांच्या युतीचे, निशाण पुढे करून विधी थांबवतात. आरोप असा की लिऊची छू यांग या माणसाशी मैत्री आहे, आणि छू यांग हा 'दुष्ट' समजल्या जाणाऱ्या एका संप्रदायाचा ज्येष्ठ. ही मैत्री बासरी आणि छिन या तंतुवाद्याच्या एकत्र वादनातून झालेली, त्यात कोणाविरुद्ध कसलाही कट नाही. तरी लिऊसमोर पर्याय ठेवला जातो की एका महिन्यात मित्राला ठार कर, नाही तर तुझ्या कुटुंबाचे काय होते ते पाहा. तो नकार देतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्या घरच्यांना मारले जाते. मघाच्या फर्मानाचा यात काडीचाही उपयोग होत नाही. कोणी अधिकाऱ्याला हाक मारत नाही, ते कोणाच्या मनातही येत नाही. जमलेल्यांपैकी कित्येकांना हे अघोरी वाटते, पण आरोप 'दुष्टांशी संगत' असा असल्यामुळे बहुतेक जण गप्प राहतात, कारण मधे पडणाऱ्यावरही तोच शिक्का बसणार असतो. जिआंगहू म्हणजे मोकळ्या माणसांचे मुक्त जग, अशी कल्पना करून कोणी ही कादंबरी उघडली असेल तर या प्रकरणाशी ती कल्पना संपते.

इथे 'घराणे' हा शब्द मी वापरला आहे, आणि तुमच्या 'सेक्ट'चे उत्तर त्यातच आहे. मूळ चिनी शब्द 'मेनपाय'. इंग्रजी अनुवादकांनी त्याला 'सेक्ट' केले आणि त्यामुळे धर्माचा वास आला, एरवी त्याचा श्रद्धेशी अनिवार्य संबंध नाही. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण द्यायचे तर हिंदुस्थानी संगीतातल्या घराण्याचे देता येईल. एक मूळ पुरुष, त्याच्यापासून चालत आलेली विशिष्ट शैली, गुरूच्या घरी राहून वर्षानुवर्षे शिकणारे शिष्य, आणि ठेवणीतली विद्या बाहेरच्याला न देण्याची सक्त रीत, हे सगळे दोन्हीकडे आहे. वूशियातले घराणे एवढ्यावर थांबत नाही. त्याच्याकडे जमीन असते, डोंगरावर वस्ती असते, शिस्तीचे नियम आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा असते, शत्रूंची आणि मित्रांची यादी असते. काही घराणी खरोखरच धार्मिक संस्था असतात. शाओलिन हा बौद्ध विहार आहे, वूदांगचे लोक ताओ पंथाचे, तर या कादंबरीतल्या उत्तरेकडच्या हंगशान घराण्यात मुख्यतः भिक्षुणी आहेत. पण कादंबरीचा नायक लिंगहू छोंग याचे ह्वाशान घराणे धार्मिक नाही. त्याचा प्रमुख संसारी आहे, बायको आणि मुलगी तिथेच राहतात, दोघीही तलवार चालवतात.

घराण्यांची नावे बहुधा डोंगरांची असतात आणि ते डोंगर खरे असतात. ह्वाशान शेन्सी प्रांतात आहे, सोंगशान हनान प्रांतात, आणि त्याच सोंगशानच्या परिसरात शाओलिन विहारही आहे. अनुवादात एक जागा हमखास फसवते, तीही सांगून ठेवतो. दक्षिणेत हूनान प्रांतात एक हंगशान आहे आणि उत्तरेत शान्शी प्रांतात दुसरा. चिनी लिपीत दोन्हींची अक्षरे वेगळी आहेत, पण रोमन लिपीत स्पेलिंग अगदी एकच होते. लिऊ झेंगफेंग दक्षिणेचा, भिक्षुणी उत्तरेच्या. हे आधी लक्षात आले नाही तर एकाच घराण्यात ही सगळी माणसे कशी, या विचारात वाचक बराच काळ अडकतो.

घराण्यात नात्यांची भाषा कुटुंबातलीच असते. गुरूला 'शिफू' म्हणतात, त्यातल्या 'फू'चा अर्थ बाप. आधी आलेला गुरुबंधू 'शिशियोंग' म्हणजे थोरला, नंतर आलेला 'शिदी' म्हणजे धाकटा. गुरूचा धाकटा गुरुबंधू म्हणजे काका, गुरूचा गुरू म्हणजे आजोबा. थोरलेपण पुष्कळ घराण्यांत वयावर नव्हे, तर दीक्षा कधी घेतली यावर ठरते. ह्वाशानमध्ये दुसऱ्या क्रमांकाचा शिष्य लाओ देनुओ हा दाढीमिशा पिकलेला म्हातारा आहे, तरी पंचविशीतल्या नायकाला तो 'थोरले गुरुबंधू' म्हणूनच हाक मारतो. अनुवादात एखादा वृद्ध तरुणाला 'एल्डर ब्रदर' म्हणताना दिसला तर ती छापण्यातली चूक समजू नये. शाओलिनमध्ये ही पिढी थेट नावातच येते. फांगझेंग आणि फांगशेंग या दोघांच्या नावांतले पहिले अक्षर एक आहे, यावरून ते एकाच पिढीचे भिक्षू हे ऐकणाऱ्याला लगेच कळते.

या कौटुंबिक चौकटीमुळे काही गुन्हे आपल्याला वाटतात त्यापेक्षा फार गंभीर ठरतात. गुरूच्या परवानगीवाचून दुसरीकडे शिकणे हा बेवफाईचा प्रकार मानला जातो. दुसऱ्या घराण्याचा सराव लपून पाहणे ही चोरी समजतात. आणि घराण्यातून हाकलून देणे ही शिक्षा जवळजवळ मृत्यूच्या खालोखालची, कारण ज्या समाजात पोलीस नाही, न्यायालय नाही, तिथे माणसाच्या पाठीशी उभे राहणारे एकटे घराणेच असते. ते गेले की तो कोणाचाच नाही. घराण्याच्या युद्धविद्येची हस्तलिखिते मिळवण्यासाठी माणसे जिवावर का उदार होतात, तेही यावरून समजेल. याच कादंबरीत फूझोऊ शहरातली सोबत देणारी एक पेढी, मालकाच्या कुटुंबासह, एका तलवारविद्येच्या पोथीसाठी उद्ध्वस्त केली जाते.

पोथीला एवढी किंमत का, याचे उत्तर तिसऱ्या शब्दाकडे नेते.

वूशियात लढण्याची विद्या दोन थरांची असते. वरचा थर म्हणजे डाव, पवित्रे, तलवारीचे हात, म्हणजे डोळ्यांना दिसणारी सगळी कसब. खालचा थर म्हणजे 'नेइगोंग', अर्थात आतली साधना, आणि तिच्यातून साठणारे बळ ते 'नेइली'. मराठीत मी त्याला अंतर्बल म्हणतो. साधक स्थिर बसतो, श्वासाची लय धरतो, मन बेंबीच्या थोडे खाली असलेल्या 'दानतियान' या ठिकाणी आणतो आणि तिथे साठलेला 'छी', म्हणजे प्राणासारखी जीवनशक्ती, शरीरातल्या ठरावीक मार्गांनी फिरवतो. हे मार्ग लेखकांनी कल्पनेने रचलेले नाहीत. चिनी वैद्यकाने वर्णिलेल्या ज्या वाहिन्यांवर अॅक्युपंक्चरच्या सुया टोचतात, त्याच त्या. वैद्यकाने त्या आजारासाठी मांडल्या, कादंबरीकारांनी त्यांतून शक्ती वाहवली. त्यामुळे ही जादू नव्हे, हे तुमच्या प्रश्नाचे उत्तर, पण वास्तवही नव्हे. श्वसनाचे व्यायाम खरे आहेत, हाताच्या नुसत्या धक्क्याने दहा पावलांवरचा माणूस फेकणे हे मात्र कादंबरीतले.

प्राण आणि नाडी या संकल्पना ओळखीच्या असल्यामुळे मराठी वाचकाला हे लवकर पटते, पण त्याच ओळखीमुळे थोडी फसगतही होऊ शकते. योगात प्राणाची साधना आत्मिक ध्येयाकडे नेते, वूशियात अंतर्बल ही कमाई असते. ते वर्षांत मोजतात, 'याच्या अंगी चाळीस वर्षांचे बळ आहे' असे सरळ म्हणतात. ते खर्च होते, झुंज लांबली की संपत येते. ते दुसऱ्याला देता येते, आणि एखाद्या कुप्रसिद्ध विद्येने दुसऱ्याकडून ओढूनही घेता येते. चांगल्या माणसाकडे जास्त आणि वाईटाकडे कमी, असा काही नियम नाही. भारताशी खरा धागा शोधायचा तर तो शाओलिनच्या आख्यायिकेत आहे. भारतातून गेलेल्या बोधिधर्माने तिथे स्नायू पालटण्याची विद्या सांगणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ दिला, अशी ती आख्यायिका. ग्रंथ प्रत्यक्षात सतराव्या शतकातला आहे, बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला. तरी कादंबरीकारांनी आख्यायिकाच उचलली आणि तिला अंतर्बलाचे सर्वोच्च शास्त्र करून टाकले. या ग्रंथाचे नाव पुढे पुन्हा येईल.

डाव मोठा की अंतर्बल, या प्रश्नावरून ह्वाशान घराणेच एकदा दुभंगलेले आहे. नायकाचा गुरू युए बुछुन, जो 'छी'ला प्रथम मानणाऱ्या शाखेचा, तो शिष्यांना हा वाद समजावताना हिशेब मांडतो. दहा वर्षे शिकलेल्या दोघांत तलवारीवर भर देणारा जिंकेल, वीस वर्षे झाल्यावर दोघे तुल्यबळ होतील, आणि तीस वर्षांनी अंतर्बल साधणाऱ्याच्या जवळपासही दुसरा फिरकू शकणार नाही. वूशियाचे अर्थशास्त्र या तीन आकड्यांत आहे. अंतर्बल सावकाश वाढते, म्हणून म्हातारे तरुणांना भारी पडतात. ते चुकीच्या क्रमाने वाढवता येत नाही, म्हणून गुरू आणि पोथी दोन्ही लागतात. तीस वर्षे धीर धरण्याची कोणाचीच तयारी नसते, म्हणून जवळची वाट दाखवणाऱ्या पोथीसाठी खून पडतात. त्या दोन शाखांनी वाद चर्चेने मिटवला नव्हता. तो डोंगरावर तलवारीने मिटला आणि हरलेली शाखा जवळजवळ नामशेष झाली.

साधना बिघडली तर काय होते, त्यालाही ठरलेला शब्द आहे, 'झोउहुओ रूमो', म्हणजे आग भरकटणे आणि सैतान अंगात शिरणे. छी चुकीच्या वाहिनीत गेला, साधना मध्येच कोणी तोडली, किंवा एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन विद्या एकाच शरीरात भरल्या, तर हा प्रकार होतो. तोंडातून रक्त येणे, अर्धे अंग लुळे पडणे, भ्रम होणे ही त्याची लक्षणे लेखक देतात. म्हणूनच एखादे पात्र गुहेत पाठ करून बसले आहे आणि दुसरे दारावर पहारा देत आहे, अशी दृश्ये वारंवार येतात. त्या वेळी पडलेली नुसती हाकसुद्धा वार ठरू शकते.

आता नायकाकडे येऊ. लिंगहू छोंग हा अनाथ, त्याला गुरू आणि गुरुपत्नी यांनी वाढवले. शिस्त मोडल्याबद्दल त्याला एका कड्यावर एकांतवासाची शिक्षा होते. तिथे त्याला हरलेल्या शाखेतला एक वृद्ध, फेंग छिंगयांग, भेटतो आणि तलवारीची अशी विद्या देतो जिच्यात ठरावीक डाव नाहीत, फक्त समोरच्याच्या हालचालीतली फट शोधून तिथे टोक लावायचे. आपल्याबद्दल कोणाला सांगायचे नाही, असे तो वचनही घेतो. मग एका झुंजीत लिंगहू जबर जखमी होतो आणि सहा विक्षिप्त भाऊ त्याला बरे करायला घेतात. आजार कोणत्या वाहिनीत आहे यावर सहांचे एकमत होत नाही, तेव्हा प्रत्येक जण आपापल्या मताप्रमाणे वेगवेगळ्या वाहिनीत आपले बळ सोडतो. सहा परके प्रवाह आत भिडतात. पुढे एक दांडगा भिक्षू ते दाबून टाकण्यासाठी आपले आणखी दोन घालतो. आता आठ झाले. लिंगहूचे स्वतःचे बळ त्यांच्यात सापडून निकामी होते. बळ एकवटायला गेला की पोटात कालवाकालव होते आणि तो कोसळतो.

ही घटना विनोदी अंगाने लिहिली आहे, पण अंतर्बलाचे नियम तिच्यातून चोख कळतात. बळ दुसऱ्याच्या शरीरात घालता येते, परंतु ज्याचे त्याचे बळ ज्याच्या त्याच्या साधनेच्या घडणीचे असते. ते उपरे म्हणून राहिले तर विषासारखे वागते. वरचा थर खालच्या थरावाचून किती तग धरतो, तेही लगेच दिसते. एका रात्री पडक्या देवळात पंधरा बुरखाधारी ह्वाशानच्या मंडळींना घेरतात. गुरू पराभूत झालेला असतो. लिंगहूच्या मनगटात तलवार पेलण्यापुरते त्राण उरलेले, आणि तरी तो त्या नव्या विद्येने एकाच झपाट्यात पंधराही जणांचे डोळे फोडतो. त्यांचे बळ त्याच्यापेक्षा किती तरी जास्त होते, पण बळ वापरायला आधी पोहोचावे लागते आणि त्याचे टोक आधी पोहोचले. अर्थात त्याने शत्रूचे वार अडवले नाहीत, तलवारीला तलवार भिडू दिली नाही. तशी भिडली असती तर त्याची तलवार हातातून उडाली असती. पुढच्या झुंजी वाचताना तो टक्कर कशी टाळतो याकडे लक्ष ठेवले तर त्या फार चांगल्या समजतात.

सगळ्यांचा जीव वाचवल्याबद्दल त्याला शाबासकी मिळायला हवी होती. त्याऐवजी गुरूच्या मनात संशय येतो की ही विद्या आपण शिकवलेली नाही, मग ती आली कुठून? लिंगहू वचनाला बांधलेला, तो सांगू शकत नाही. घराण्याबाहेरची विद्या आणि तिच्याबद्दलचे मौन, या दोन गोष्टी एकत्र आल्या की घराण्याच्या दृष्टीने तो चोर ठरतो, एवढेच नव्हे तर हरवलेली ती पोथीही त्यानेच लांबवली असावी असे वाटू लागते. शिवाय त्याला बरे करायला जी चित्रविचित्र मंडळी पुढे येतात त्यांतली बरीचशी 'दुष्ट' संप्रदायाशी लागेबांधे असलेली निघतात. लिऊ झेंगफेंगवर जो शिक्का बसला, तोच आता याच्यावर बसतो.

शेवटी मरणासन्न अवस्थेत तो शाओलिनला पोहोचतो. तिथले मठाधिपती फांगझेंग त्याला सांगतात की हे आठ प्रवाह शमवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे 'यीजिन जिंग', आणि ती विद्या शाओलिनच्या शिष्याखेरीज कोणाला देता येत नाही. तेव्हा त्याने शाओलिनची दीक्षा घ्यावी. लिंगहू म्हणतो, मी ह्वाशानचा. मग मठाधिपती त्याच्या हाती एक पत्र देतात. ते युए बुछुनने सर्व घराण्यांना धाडलेले असते : लिंगहू छोंग दुष्टांच्या संगतीला लागला, त्याला घराण्यातून काढले आहे, यापुढे त्याच्याशी आमचा संबंध नाही. म्हणजे आडकाठी उरलेली नाही. एका सहीने जीव वाचतो आणि जगातल्या सगळ्यांत प्रतिष्ठित घराण्याचे छत्रही मिळते. तो नकार देतो आणि विहारातून एकटा बाहेर पडतो.

तिन्ही शब्द उलगडल्याशिवाय हा नकार वेडेपणाचा वाटतो. पहिल्या वाचनात पुष्कळांना तो तसाच वाटतो आणि नायक उगीच हट्टी आहे अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. ज्या घराण्याने आईबापांच्या जागी राहून वाढवले, त्याने टाकले म्हणून दुसऱ्याला बाप म्हणणे, तेही जीव वाचवण्यासाठी, हे त्याच्या लेखी भ्याडपणाचे आहे. आणि जिआंगहूत पत हीच सर्वस्व असली, तरी ती पत लोकांच्या डोळ्यांत गेल्यावरही स्वतःपाशी राखणारा माणूसच 'शिया' म्हणवून घ्यायला पात्र, ही त्या शब्दामागची जुनी धारणा इथे कामाला लावली आहे. लिंगहूला हे असे मांडून सांगता आले नसते. तो फक्त दारू शोधायला डोंगर उतरतो.

एक शेवटची खबरदारी, कारण अलीकडे बरेच वाचक वूशियाकडे इंटरनेटवरच्या चिनी मालिकांतून आणि अॅनिमेशनमधून येतात. तिथे 'सेक्ट', 'दानतियान', 'छी' हेच शब्द असतात, पण माणसे ढगांवरून उडतात, शेकडो वर्षे जगतात, पातळ्यांमागून पातळ्या चढून अमर होऊ पाहतात. तो 'शियानशिया' नावाचा वेगळा प्रकार आहे, त्यात 'शियान' म्हणजे अमर झालेला सिद्ध. वूशियात कोणीही अमर होत नाही. तिथला सर्वांत बलाढ्य म्हाताराही एक दिवस थकून मरतो, त्याच्यावर विषाचा परिणाम होतो, चौघांनी मागून घेरले तर तोही पडतो. तुमच्या हातातल्या कादंबरीत पात्रे छपरांवरून उड्या मारत असतील तर ती हलक्या पावलांची विद्या, 'छिंगगोंग', आणि तीही अंतर्बलावरच चालते. दम संपला की खाली उतरावे लागते. पात्रे तलवारीवर उभी राहून पर्वत ओलांडत असतील, तर मात्र तुम्ही हाती घेतलेली कादंबरी वूशिया नाही, आणि वर सांगितलेले बरेचसे नियम तिला लागू पडणार नाहीत.